कामाचा अधिकार आणि स्थानांतर-तयारीचा उल्लेख (कॅनडा)

कामाचा अधिकार आणि स्थानांतर-तयारीचा उल्लेख म्हणजे कॅनडात नव्याने आलेल्या नोकरीइच्छुकाने आपल्या रेझ्युमेवर किंवा व्यावसायिक प्रोफाइलवर दिलेली दोन प्रकारची माहिती होय. पहिली माहिती त्या व्यक्तीला कॅनडात काम करण्याची कायदेशीर मुभा कोणत्या स्वरूपाची आहे हे सांगते. दुसरी माहिती ती व्यक्ती नोकरीसाठी देशातील अन्य शहरात किंवा प्रांतात राहावयास जाण्यास तयार आहे का, हे सांगते. या लेखात परदेशातून कॅनडात येण्यास 'स्थलांतर' आणि कॅनडाअंतर्गत एका ठिकाणाहून दुसरीकडे राहावयास जाण्यास 'स्थानांतर' असे म्हटले आहे.

हे दोन्ही उल्लेख सहसा एका ओळीत मावतात. मात्र त्यांचा संबंध तीन वेगवेगळ्या कायद्यांशी येतो. परकीय व्यक्तीने कोठे व किती काळ काम करावे हे संघराज्याचा स्थलांतर कायदा ठरवतो. नियोक्त्याने उमेदवाराला काय विचारावे हे प्रामुख्याने प्रांतांचे मानवी हक्क कायदे ठरवतात. देशात कोठेही वास्तव्य करण्याचा हक्क कोणाला आहे हे राज्यघटनेचा भाग असलेल्या हक्कांच्या सनदेत सांगितले आहे.

## पार्श्वभूमी

कॅनडाच्या स्थलांतर व निर्वासित संरक्षण कायद्याच्या कलम १२४ नुसार, परवानगी नसलेल्या परकीय व्यक्तीला कामावर ठेवणे हा नियोक्त्याचा गुन्हा ठरतो. नियोक्त्याने पुरेशी चौकशी केली नसेल, तर त्याला त्या व्यक्तीची स्थिती ठाऊक होती असे कायदा मानतो. यामुळे अर्जाच्या सुरुवातीलाच कामाच्या अधिकाराविषयी प्रश्न विचारला जातो. परदेशी शिक्षण किंवा परदेशातील अनुभव असलेल्या उमेदवाराच्या प्रोफाइलवर याविषयी काहीच नसल्यास, भरती करणाऱ्याला तो उमेदवार कॅनडात आहे की परदेशातून अर्ज करीत आहे, हेही कळत नाही.

भारतात, विशेषतः महाराष्ट्रात प्रचलित असलेल्या बायोडेटामध्ये जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, राष्ट्रीयत्व आणि कधी पासपोर्ट क्रमांकही लिहिण्याची पद्धत आहे. कॅनडातील रेझ्युमेमध्ये यांपैकी काहीही लिहिले जात नाही. कामाचा अधिकार सांगण्यासाठी राष्ट्रीयत्व सांगावे लागत नाही, कारण या दोन बाबी वेगळ्या आहेत. भारतीय नागरिक असलेली व्यक्ती कॅनडाची स्थायी निवासी असू शकते आणि तिला बहुतेक नोकऱ्यांसाठी कॅनडाच्या नागरिकाइतकीच मुभा असते.

## कामाच्या अधिकाराचे प्रकार

प्रोफाइलवर काय लिहावे हे उमेदवाराच्या स्थितीवर अवलंबून असते. व्यवहारात तीन स्थिती महत्त्वाच्या ठरतात.

स्थायी निवासी व्यक्तीला कोणत्याही नियोक्त्याकडे, कोणत्याही प्रांतात आणि कालमर्यादेशिवाय काम करता येते. स्थायी निवासी कार्ड सहसा ५ वर्षांसाठी दिले जाते. परंतु कार्डाची मुदत संपली म्हणून स्थायी निवासाचा दर्जा आपोआप संपत नाही. त्यामुळे प्रोफाइलवर कार्डाची मुदत लिहिणे अनावश्यक असून दिशाभूल करणारे ठरते. ती तारीख वाचणाऱ्याला कामाचा अधिकारच त्या दिवशी संपतो, असे वाटू शकते.

खुला कामाचा परवाना असलेल्या व्यक्तीला परवान्याच्या मुदतीत जवळजवळ कोणत्याही नियोक्त्याकडे काम करता येते. शिक्षण पूर्ण केलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना मिळणारा पदव्युत्तर काम परवाना याच प्रकारात मोडतो. त्याची मुदत अभ्यासक्रमाच्या कालावधीनुसार ८ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत असते आणि तो आयुष्यात एकदाच मिळतो. 'खुला' या शब्दालाही अपवाद आहेत. आवश्यक वैद्यकीय तपासणी झालेली नसेल, तर बालसंगोपन, शालेय अध्यापन आणि आरोग्यसेवा या क्षेत्रांत काम करता येणार नाही, अशी अट परवान्यावर छापलेली असते. म्हणून प्रोफाइलवर काही लिहिण्यापूर्वी परवान्यावरील अटींचा भाग वाचणे आवश्यक असते.

नियोक्ता-विशिष्ट परवाना असलेल्या व्यक्तीला परवान्यावर नाव असलेल्या नियोक्त्याकडेच, तेथे नमूद केलेल्या कामावर आणि ठिकाणी काम करता येते. अशा व्यक्तीने नुसते 'कॅनडात काम करण्यास पात्र' असे लिहिले, तर ते विधान नव्या नियोक्त्याच्या दृष्टीने खरे नसते. नव्या नोकरीसाठी तिला नवी परवानगी मिळवावी लागते आणि त्यासाठी बऱ्याच वेळा नियोक्त्याला श्रमबाजार प्रभाव मूल्यांकन करून घ्यावे लागते. परदेशी व्यक्तीला नेमल्याने स्थानिक श्रमबाजारावर काय परिणाम होईल, हे तपासणारी ही सरकारी प्रक्रिया आहे.

'व्हिसा' हा शब्द या तिन्हींपैकी कोणत्याही स्थितीसाठी अचूक नाही. कॅनडाच्या व्यवस्थेत व्हिसा हा देशात प्रवेश करण्यासाठी असतो आणि कामाची मुभा परवान्याने मिळते. प्रवेश-व्हिसाची मुदत संपली तरी परवाना वैध राहू शकतो. त्यामुळे प्रोफाइलवर व्हिसाची तारीख लिहिल्यास नियोक्त्यापुढे चुकीची तारीख जाते.

## अर्जातील प्रश्न आणि त्यांतील फरक

ऑनलाइन अर्जांत दिसायला सारखे, परंतु अर्थाने वेगळे असे तीन प्रश्न आढळतात. पहिला प्रश्न, उमेदवार सध्या कॅनडात काम करण्यास कायदेशीररीत्या पात्र आहे का, असा असतो. स्थायी निवासी आणि वैध खुला परवानाधारक या दोघांचेही उत्तर 'होय' असे असते.

दुसरा प्रश्न 'स्पॉन्सरशिप' लागेल का, असा असतो. अमेरिकेतील अर्जांतून रूढ झालेला हा शब्द कॅनडाच्या स्थलांतर कायद्यात मुख्यतः कुटुंबीयांच्या पुरस्कृतीसाठी वापरला जातो. नियोक्त्याच्या मनातील प्रश्न बहुधा असा असतो की, या नेमणुकीसाठी कंपनीला श्रमबाजार मूल्यांकनासारखी प्रक्रिया करावी लागेल का. खुल्या परवानाधारकाचे उत्तर परवान्याच्या मुदतीपुरते 'नाही' असे असते. प्रश्नात 'भविष्यात' हा शब्दही असेल, तर केवळ 'नाही' म्हणणे अपुरे ठरते. तेथे मुदत नमूद करणे अधिक अचूक असते.

तिसरा प्रश्न, उमेदवार *कायमस्वरूपी* काम करण्यास पात्र आहे का, असा असतो. मुदतीचा परवाना असलेल्या व्यक्तीचे उत्तर 'नाही' असेच असते, मग तिने स्थायी निवासासाठी अर्ज केलेला असो वा नसो. हा प्रश्न विचारणेच कायदेशीर आहे का, यावर ऑन्टॅरिओ प्रांतात दीर्घ न्यायालयीन वाद झाला.

## इम्पीरिअल ऑइल प्रकरण

मॅकगिल विद्यापीठातील यंत्र अभियांत्रिकीच्या एका परदेशी विद्यार्थ्याने २०१४ मध्ये इम्पीरिअल ऑइल या कंपनीत नोकरीसाठी अर्ज केला. पदवीनंतर त्याला ३ वर्षांचा खुला परवाना मिळण्याची अपेक्षा होती. कंपनीची अट मात्र उमेदवार कायमस्वरूपी पात्र असावा, अशी होती. विद्यार्थ्याने निवडप्रक्रियेत या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे दिले. कंपनीने नोकरीचा प्रस्ताव दिला आणि कायम पात्रतेचा पुरावा मागितला. तो सादर करता न आल्याने प्रस्ताव मागे घेण्यात आला.

ऑन्टॅरिओच्या मानवी हक्क संहितेत नागरिकत्व हा भेदभावाचा निषिद्ध आधार आहे. तेथील मानवी हक्क न्यायाधिकरणाने २०१८ मध्ये ही अट नागरिकत्वावर आधारित भेदभाव ठरवली. २०२१ मध्ये विभागीय न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. २०२३ मध्ये ऑन्टॅरिओच्या अपील न्यायालयाने न्यायाधिकरणाचा निर्णय पुन्हा कायम केला. चुकीच्या उत्तरामुळे प्रस्ताव मागे घेतला, असा कंपनीचा बचाव होता. परंतु कायम पात्रतेची अट हे प्रस्ताव मागे घेण्यामागील एक कारण होते, हा न्यायाधिकरणाचा निष्कर्ष टिकून राहिला.

या निकालाचा अर्थ मर्यादित आहे. प्रश्न बेकायदेशीर असल्यास त्याचे खोटे उत्तर द्यावे, असे त्यातून निष्पन्न होत नाही. त्या विद्यार्थ्याला नोकरी मिळाली नाही आणि अंतिम निर्णयासाठी अनेक वर्षे थांबावे लागले. शिवाय प्रांतांच्या कायद्यांतील निषिद्ध आधार एकसारखे नाहीत. उदाहरणार्थ, अल्बर्टाच्या कायद्यात उगमस्थान हा आधार आहे. नागरिकत्व हा शब्द त्या यादीत नाही. काही पदांसाठी कायद्यानेच नागरिकत्वाची किंवा सुरक्षा-तपासणीची अट असते. तेथे असा प्रश्न वैध ठरतो.

## स्थानांतर-तयारीचा उल्लेख

भरतीसाठी वापरल्या जाणाऱ्या संगणक-प्रणालींमध्ये उमेदवारांची यादी शहरानुसार किंवा अंतरानुसार गाळता येते. नोकरी कॅलगरीत आणि उमेदवाराचा पत्ता विनिपेगमध्ये असेल, तर पात्रता जुळत असूनही ते प्रोफाइल पहिल्या यादीत येत नाही. लिंक्डइनवर नोकरीसाठी उपलब्ध असल्याची नोंद करताना इच्छित शहरे वेगळी निवडता येतात. ही नोंद फक्त भरती करणाऱ्यांना दिसावी की सर्वांना, हेही ठरवता येते. सध्याच्या नियोक्त्याला कळू द्यायचे नसल्यास पहिला पर्याय निवडला जातो. मात्र त्यातही पूर्ण गुप्ततेची हमी नसते.

'कोठेही जाण्यास तयार' हे विधान बहुधा निरुपयोगी ठरते, कारण भरती करणाऱ्याचे प्रत्यक्ष प्रश्न वेगळे असतात. उमेदवार याच शहरात का येऊ इच्छितो, केव्हा येईल आणि हलण्याचा खर्च कोण करणार, हे त्याला जाणून घ्यायचे असते. म्हणून एक किंवा दोन शहरांची नावे आणि येण्याची तारीख यांना अधिक महत्त्व असते. स्वखर्चाने येण्याची तयारी असल्यास तसे लिहिता येते. मात्र एकदा लिहिल्यावर नियोक्त्याकडून स्थानांतर-भत्ता मागण्याची संधी कमी होते. नव्या कामाच्या ठिकाणापासून नवे घर जुन्या घरापेक्षा किमान ४० किलोमीटरने जवळ असल्यास, पात्र खर्चाची वजावट प्राप्तिकरात मागता येते. नियोक्त्याने परत केलेल्या रकमेसाठी ती मिळत नाही, आणि ती नव्या ठिकाणच्या उत्पन्नातूनच करता येते.

गाळणीतून सुटण्यासाठी इच्छित शहरातील मित्राचा पत्ता देण्याची प्रथा काही उमेदवारांत आढळते. दुसऱ्याच दिवशी प्रत्यक्ष मुलाखतीस बोलावले गेल्यास ही बाब उघड होते. त्याऐवजी सध्याचे शहर खरे लिहून त्यापुढे स्थानांतराचे शहर व तारीख लिहिल्यास, शब्दशोधात दोन्ही नावे सापडतात आणि काही लपवावे लागत नाही.

### नियमनाधीन व्यवसाय

परिचारिका, शिक्षक, अभियंता यांसारख्या व्यवसायांचे परवाने प्रांतिक संस्था देतात. एका प्रांतातील नोंदणी दुसऱ्या प्रांतात आपोआप लागू होत नाही. नव्या प्रांतातील संस्थेकडे अर्ज करावा लागतो. अशा व्यवसायांत कामाचा अधिकार, स्थानांतराची तयारी आणि व्यवसाय-परवाना या तीन बाबी स्वतंत्रपणे लिहिल्या जातात. पहिल्या दोन्ही पूर्ण असूनही तिसरी नसल्यास त्या पदावर रुजू होता येत नाही.

## प्रांतिक नामनिर्देशनाशी विसंगती

हक्कांच्या सनदेच्या कलम ६ नुसार, प्रत्येक नागरिकाला आणि स्थायी निवासी व्यक्तीला कोणत्याही प्रांतात राहण्याचा व उपजीविका करण्याचा हक्क आहे. तात्पुरत्या परवानाधारकाचा या कलमात समावेश नाही. खुला परवाना असल्यास त्याला प्रांत बदलण्यास सहसा अडचण येत नाही. परंतु स्थायी निवासाचा मार्ग प्रांतावर अवलंबून असेल, तर स्थिती बदलते.

प्रांतिक नामनिर्देशन योजनेत प्रांत आपल्याला हव्या असलेल्या व्यक्तीची स्थायी निवासासाठी शिफारस करतो. त्या व्यक्तीचा त्याच प्रांतात राहण्याचा हेतू असणे ही संघराज्याच्या नियमांतील अट आहे. मॅनिटोबाच्या शिफारशीची प्रतीक्षा करणाऱ्या उमेदवाराचे सार्वजनिक प्रोफाइल 'अल्बर्टात येण्यास उत्सुक' असे सांगत असेल, तर दोन विधाने परस्परविरोधी ठरतात. हेतूविषयी शंका आल्यास अर्ज नाकारला जाऊ शकतो. जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे महत्त्वाची माहिती खोटी दिल्याचे सिद्ध झाल्यास, स्थलांतर कायद्याच्या कलम ४० नुसार ५ वर्षांची अपात्रता येऊ शकते.

## उदाहरण

पुढील उदाहरण काल्पनिक असून त्यातील नियम वास्तविक आहेत. पुण्यातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतलेली एक तरुणी विनिपेगमधील महाविद्यालयात २ वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करते. ती ३ वर्षांच्या परवान्यास पात्र असते. परंतु तिच्या भारतीय पासपोर्टची मुदत त्याआधी, मार्च २०२६ मध्ये संपणार असते. परवाना पासपोर्टच्या मुदतीपलीकडे दिला जात नाही, म्हणून तिच्या परवान्यावर मार्च २०२६ ही तारीख छापली जाते. तिच्या प्रोफाइलवरील पहिली ओळ अशी असते:

```
Visa: PGWP (exp. 03/2026). Immediate joiner. Ready to relocate anywhere.
```

या ओळीत तीन दोष आहेत. 'व्हिसा' हा शब्द चुकीचा असून 'पीजीडब्ल्यूपी' हे संक्षेप अनेक लहान नियोक्त्यांना ठाऊक नसते. 'इमिजिएट जॉइनर' हा भारतातील भरतीचा वाक्प्रयोग कॅनडात रूढ नाही. तिसरा दोष सर्वांत महागडा आहे: तारीख खरी असली तरी ती तिचा पूर्ण हक्क दाखवत नाही. पासपोर्टमुळे परवान्याची मुदत तोकडी झाली असल्यास, पासपोर्टचे नूतनीकरण करून उर्वरित काळासाठी मुदतवाढ मागता येते. ती तसा अर्ज परवान्याची मुदत संपण्यापूर्वी करते आणि जुलै २०२७ पर्यंतचा परवाना मिळवते. निर्णय येईपर्यंतच्या काळात ती कॅनडातच राहते, कारण वेळेत अर्ज केलेल्या आणि देशातच राहिलेल्या व्यक्तीला जुन्या परवान्याच्या अटींवर काम चालू ठेवता येते.

यानंतर तिला एक निवड करावी लागते. तिच्या क्षेत्रातील नोकऱ्या तिला कॅलगरीत दिसतात. तर मैत्रिणी मॅनिटोबाच्या नामनिर्देशनासाठी विनिपेगमध्ये थांबल्या आहेत. दोन्ही दारे एकाच वेळी उघडी ठेवणे प्रामाणिकपणे शक्य नसते. कॅनेडियन अनुभव वर्गात कुशल कामाचा १ वर्षाचा, म्हणजे १,५६० तासांचा अनुभव लागतो आणि क्वेबेक वगळता कोणत्याही विशिष्ट प्रांताचे बंधन नसते. मात्र त्यात निवड गुणांवर होते, त्यामुळे निमंत्रण मिळेलच असे नाही. ती हा धोका पत्करून कॅलगरी निवडते आणि ओळ बदलते:

```
Winnipeg, MB | Relocating to Calgary, AB, August 2026
Open work permit to July 2027; no LMIA required
```

मुदतीची तारीख लिहावी की नाही, यावर एकमत नाही. तारीख पाहून काही नियोक्ते प्रोफाइल बाजूला ठेवतात. तारीख न लिहिल्यास तोच प्रश्न मुलाखतीत येतो. उर्वरित मुदत एक वर्षाहून कमी असेल, तर सार्वजनिक प्रोफाइलवर केवळ 'खुला परवाना' असे लिहून तारीख विचारल्यावर सांगणे खोटेपणाचे ठरत नाही. विचारल्यावर ती चुकीची सांगणे मात्र खोटेपणाचे ठरते. 'कायमस्वरूपी पात्र आहात का' या प्रश्नाला या तरुणीचे उत्तर 'नाही' असेच राहते. टिप्पणीची जागा असल्यास ती तेथे परवान्याचा प्रकार आणि मुदत लिहिते.

## पडताळणी व गोपनीयता

नेमणुकीनंतर कर्मचाऱ्याने काम सुरू केल्यापासून ३ दिवसांच्या आत नियोक्त्याला आपला सामाजिक विमा क्रमांक द्यावयाचा असतो. तात्पुरत्या रहिवाशांचा क्रमांक ९ या अंकाने सुरू होतो आणि त्याची मुदत परवान्याच्या मुदतीशी जोडलेली असते. परवान्याची मुदत वाढल्यावर या क्रमांकाची नोंदही अद्ययावत करावी लागते. प्रोफाइलवरील विधान आणि हा क्रमांक यांतील विसंगती या टप्प्यावर नियोक्त्याच्या लक्षात येते.

हा क्रमांक, परवान्याचा क्रमांक किंवा परवान्याचे छायाचित्र प्रोफाइलवर ठेवले जात नाही. नोकरीचा प्रस्ताव येण्यापूर्वी सामाजिक विमा क्रमांक मागणारी जाहिरात हे फसवणुकीचे नेहमीचे लक्षण मानले जाते. परवान्याचा प्रकार बदलल्यास, मुदत वाढल्यास किंवा स्थायी निवास मिळाल्यास प्रोफाइलवरील ओळही बदलावी लागते. स्थायी निवास मिळाल्यानंतर 'कॅनडाची स्थायी निवासी' एवढे शब्द पुरेसे असतात आणि तारीख काढून टाकली जाते.